अंगणातल्या लग्नाला तात्पुरती वीज: अर्ज, भाराचा हिशोब आणि कातळावरचं अर्थिंग

मी परवानाधारक वायरमन आहे. राजापूर आणि लांजा तालुक्यांतल्या वाड्यांमध्ये मांडवांच्या वायरिंगचं काम करतो. एप्रिल-मे उजाडला की लग्नघरातून फोन सुरू होतात, आणि दहातले सात फोन लग्नाला आठवडा उरला असताना येतात. तोवर मांडववाला ठरलेला असतो, बँजो ठरलेला असतो, आचारी ठरलेला असतो. विजेचं मात्र कोणी बघितलेलंच नसतं, कारण घरात मीटर आहे.

हा लेख त्या सात जणांसाठी आहे. घराच्या खळ्यात दोन दिवसांचं लग्न, पाचशे-सहाशे माणूस, आणि घर कातळावर, असा नेहमीचा प्रसंग मी धरला आहे. सार्वजनिक गणपतीच्या मंडपाला जिथे वेगळं लागतं, तिथे ते सांगतो.

घरचं मीटर का चालत नाही

गेल्या वर्षी एका मुलीचे वडील मला म्हणाले, "दोनच दिवसांचा प्रश्न आहे, घरच्या मीटरवरनंच घ्या की." मी त्यांना मीटरपाशी नेलं. सिंगल फेजच्या घरगुती मीटरवर बहुतेक वेळा ५-३० अँपिअर असं छापलेलं असतं. म्हणजे ते ३० अँपिअरपर्यंत चालावं म्हणून बनवलेलं आहे. २३० व्होल्टला ३० अँपिअर म्हणजे सुमारे ६,९०० वॅट, आणि त्यातच घरातला फ्रीज, पंखे आणि विहिरीचा पंपही आला. त्या घराला खांबावरून आलेली सर्व्हिस वायर पंधरा वर्षांपूर्वीची, बारीक ॲल्युमिनियमची होती. मीटरच्या खालच्या टर्मिनलला हिरवट-पांढरी पूड धरलेली होती. समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात हे सगळीकडे दिसतं. असा जोड पाच अँपिअरला वर्षानुवर्षं तग धरतो, पण तीस अँपिअरला एका संध्याकाळीत वितळतो. आणि वितळला तर तो हळदीच्याच संध्याकाळी, कारण तेव्हाच भार सगळ्यात जास्त असतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे, ज्या कामासाठी किंवा ज्या जागेसाठी वीज मंजूर आहे त्यापेक्षा वेगळीकडे ती वापरली तर तो अनधिकृत वापर होतो आणि लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. शेजाऱ्याच्या मीटरवरून मंडप चालवणं यात येतं. शेतीपंपाच्या जोडणीवरून मांडवाला वायर ओढणंही यातच येतं. तारेवर आकडा टाकणं ही तर सरळ चोरी, तिथे कलम १३५ लागतं.

अर्जाच्या आधी खांब बघा

अर्ज भरायच्या आधी घरापासून सगळ्यात जवळच्या खांबापर्यंत चालत जा आणि वर बघा. उघड्या तारांची लाईन असेल तर तारा मोजा. दोनच तारा असतील तर तुमच्या वाडीत सिंगल फेजच आहे. चार किंवा पाच असतील तर थ्री फेज आहे. पाचवी सहसा रस्त्याच्या दिव्यांची असते. आता बऱ्याच ठिकाणी काळी पिळदार एबी केबल आली आहे, तिथे तारा मोजता येत नाहीत, लाईनमनला विचारावं लागतं. महावितरण त्यांना जनमित्र म्हणते.

त्यांनाच आणखी दोन गोष्टी विचारा. एक, तुमच्या वाडीचा डीपी किती केव्हीएचा आहे आणि संध्याकाळी त्याच्यावर आधीच किती ओझं असतं. २५ केव्हीएच्या डीपीवर अख्खी वाडी असेल तर तुमच्या मांडवाचे आठ किलोवॅट त्याला जड जातात. दुसरी, तुमच्या तारखांना देखभालीसाठी लाईन बंद ठेवायचं ठरलंय का. मे महिन्यात महावितरणची पावसाआधीची कामं चालू असतात, तारांवर आलेल्या फांद्या छाटतात, त्यासाठी दिवसा काही तास वीज बंद ठेवतात. शाखा कार्यालयात आधी लेखी कळवलं तर त्यांना तो दिवस टाळायला निदान वाव तरी राहतो.

खांबापासून मांडवाच्या मध्यापर्यंत किती मीटर अंतर पडतं ते टेपने मोजा, पावलांनी नको. हा आकडा पुढे केबलच्या हिशोबात लागणार आहे.

आणि वर बघताना हेही बघा, की मांडव लाईनच्या खाली तर येत नाही ना. पोफळीचे वासे उभे करताना किंवा लोखंडी पाइप उचलताना ते तारेला लागतात. लाईनखाली मांडव घालायचा नाही, मग जागा कितीही सोयीची असो.

भाराचा हिशोब: सगळ्यांची बेरीज नको, एका वेळेची बेरीज हवी

नवखा माणूस सगळ्या उपकरणांचे वॅट एकाखाली एक लिहून बेरीज करतो. त्या बेरजेने अर्ज केला तर पैसे जास्त जातात आणि कदाचित डीपीवर जागा नाही म्हणून अर्जच अडतो. उलट अंदाजाने "पाच किलोवॅट पुरे" असं म्हटलं तर ऐन वेळी एमसीबी पडतो. म्हणून मी लग्नघरच्यांना एकच प्रश्न विचारतो: सगळ्यात गर्दीच्या अर्ध्या तासात काय काय एकत्र चालू असेल?

वर सांगितलेल्या घरचा हिशोब असा होता. मांडवात ५० वॅटचे २० एलईडी फ्लडलाईट, म्हणजे १,००० वॅट. सजावटीचे पार लाईट मिळून १,००० वॅट. झाडांवरच्या माळा ६०० वॅट. १५० वॅटचे उभे मोठे पंखे १२, म्हणजे १,८०० वॅट. चार मोठे कूलर १,००० वॅट. साऊंडवाल्याने २,००० वॅट सांगितले. आईस्क्रीमचे दोन डीप फ्रीजर ६०० वॅट. आचाऱ्याचा मिक्सर ७५० वॅट. आणि विहिरीचा दीड एचपीचा पंप, जो वीज खेचताना सुमारे १,५०० वॅट खेचतो. एकूण बेरीज १०,२५० वॅट.

आता वेळेनुसार बघू. दुपारी मुहूर्ताच्या वेळी पंखे, कूलर, फ्रीजर आणि मिक्सर चालू. साऊंडवर फक्त मंगलाष्टकं, म्हणून तो निम्मा धरला. आणि स्वयंपाकाकडचे थोडे दिवे ५०० वॅट. ही बेरीज ५,६५० वॅट. रात्री हळदीला फ्लडलाईट, पार, माळा, पंखे, कूलर, फ्रीजर आणि पूर्ण साऊंड. मिक्सर बंद, कारण वाटणं संध्याकाळी पाचलाच झालेली असतात. ही बेरीज ८,००० वॅट. म्हणजे खरा भार ८ किलोवॅटचा आणि तो रात्रीचा. ऐन वेळी कोणीतरी दोन पंखे वाढवणारच, म्हणून अर्ज १० किलोवॅटचा केला.

पंप या हिशोबात नाही, कारण तो घरच्या मीटरवरच ठेवला. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. तेवढ्याने मांडवातले दिवे मिचमिचतात आणि साऊंडमध्ये ठक् आवाज येतो. टाक्या पहाटे भरून घ्यायच्या आणि मांडव भरलेला असताना पंपाला हात लावायचा नाही, असं घरातल्या एका माणसाला नेमून द्या. तसंच आंघोळीच्या गरम पाण्याचं. पाहुण्यांसाठी गीझर भाड्याने आणले तर एकेक दोन-तीन किलोवॅट खातो. आपल्याकडे बंब आहेत, माडाची सोडणं आहेत. दोन बंब पेटते ठेवले की हा सगळा भार हिशोबातून जातो.

साऊंडवाल्याला वॅट विचारताना एक सांभाळा. तो स्पीकरची ताकद सांगतो, आपल्याला ॲम्प्लिफायर विजेच्या बाजूने किती खेचतो ते हवं असतं. ॲम्प्लिफायरच्या मागच्या पाटीवर ते लिहिलेलं असतं. पाटीचा फोटो मागवून घ्या.

सिंगल फेज की थ्री फेज

साधारण सात-साडेसात किलोवॅटच्या पुढे थ्री फेजच मागावं. कारण समजायला केबलचा हिशोब पुरेसा आहे.

त्या घरापासून खांब ७० मीटरवर होता. ८,००० वॅट एकाच फेजवर घेतले तर करंट होतो सुमारे ३५ अँपिअर. समजा ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली. तिचा रोध किलोमीटरला सुमारे ५ ओहम. करंट जातो ७० मीटर आणि परत येतो ७० मीटर, म्हणजे १४० मीटर वायर, रोध ०.७ ओहम. ३५ गुणिले ०.७ म्हणजे २४ ते २५ व्होल्ट वायरमध्येच खर्च. लाईनच्या टोकाला असलेल्या वाडीत संध्याकाळी खांबावरच २०५ व्होल्ट असतील, तर मांडवात १८० पोचतात. पंखे रेंगाळतात, फ्रीजरचा कॉम्प्रेसर घुर्र करतो आणि सुरूच होत नाही, वायर हाताला कोमट लागते. माणसं म्हणतात "व्होल्टेज नाही", पण कमी पडलेल्या व्होल्टेजपैकी निम्मं आपल्याच वायरने खाल्लेलं असतं.

तोच भार तीन फेजवर वाटला की एका फेजला १० ते १३ अँपिअर येतात, आणि भार सारखा वाटलेला असेल तर न्यूट्रलमधून परतणारा करंट जवळपास उरत नाही. १६ चौरस मिलिमीटरची चार कोअर ॲल्युमिनियम आर्मर्ड केबल घेतली तर ७० मीटरला रोध सुमारे ०.१३ ओहम, आणि उतार दोन व्होल्टच्याही आत. ही केबल मांडववाल्यांकडे भाड्याने मिळते.

वाटणी अशी केली: पहिल्या फेजवर पंखे आणि फ्रीजर, २,४०० वॅट. दुसऱ्यावर साऊंड आणि माळा, २,६००. तिसऱ्यावर फ्लडलाईट, पार आणि कूलर, ३,०००. तंतोतंत सारखं व्हायची गरज नाही. सगळे दिवे एकाच फेजवर गेले ते मला पुरतं आवडलं नव्हतं. नंतर मी स्वयंपाकाकडचे चार फ्लडलाईट पहिल्या फेजवर नेले, म्हणजे एक फेज गेला तरी चुलीपाशी अंधार होणार नाही.

थ्री फेजचा एकच मोठा धोका आहे, न्यूट्रल सुटण्याचा. न्यूट्रलचा जोड ढिला झाला की तिन्ही फेजवरची उपकरणं एकमेकांतून करंट ओढू लागतात. जिथे भार कमी तिथलं व्होल्टेज तीनशेच्याही वर जातं. हे ओळखायची खूण म्हणजे काही दिवे एकदम लख्ख होतात आणि त्याच क्षणी दुसरे मंद. ते दिसताच कोणाला विचारत बसू नका, मेन स्विच खाली ओढा. अर्ध्या मिनिटाचा उशीर झाला तर ॲम्प्लिफायर आणि फ्रीजर गेलेच. म्हणून न्यूट्रलला पिळलेली वायर नको, नीट दाबलेला लग, म्हणजे वायरच्या टोकावर बसणारा धातूचा कान, हवा, आणि लग्नाच्या सकाळी तो बोल्ट पान्याने पुन्हा एकदा आवळायचा.

अर्ज

आता अर्ज. लग्नाआधी किमान पंधरा दिवस तो आत गेलेला असावा. खांब किंवा लाईन वाढवायची वेळ येणार असेल तर महिनाभर आधी. mahadiscom.in या संकेतस्थळावर किंवा महावितरणच्या मोबाइल ॲपवर नवीन जोडणीच्या अर्जात तात्पुरती जोडणी निवडता येते. इंटरनेटचा कंटाळा असेल तर शाखा किंवा उपविभाग कार्यालयात जाऊन भरा. मी ऑनलाईनच सुचवतो, कारण अर्जाचा क्रमांक लगेच मिळतो आणि अर्ज कुठे अडलाय ते घरबसल्या दिसतं.

सोबत लागतं ते असं: अर्जदाराचं ओळखपत्र, जागेचा कागद, म्हणजे घरपट्टीची पावती किंवा सातबारा, जागा दुसऱ्याची किंवा सामाईक असेल तर त्यांचं संमतीपत्र. कोकणात हे शेवटचं फार अडतं. सातबाऱ्यावर आठ नावं, त्यातली पाच मुंबईत. संमतीपत्र मागितलं जाईल असं धरून शिमग्याला चाकरमानी गावी येतात तेव्हाच सह्या घेऊन ठेवा. लग्नाची पत्रिका जोडली तर तारखांबद्दल शंका उरत नाही. भाराची यादी स्वतःच्या हिशोबाने एका कागदावर लिहून द्या, वर केली तशी. आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट. हा रिपोर्ट म्हणजे सहीचा कागद नव्हे. त्याने वायरिंगचं इन्सुलेशन आणि अर्थिंग मोजून आकडे लिहिलेले असले पाहिजेत. न येताच सही पाठवणारा ठेकेदार भेटला तर दुसरा शोधा.

तारखा लिहिताना मांडव उभा राहिल्यापासून उतरेपर्यंतच्या लिहा, फक्त लग्नाच्या नाही. मांडववाला आदल्या दिवशी ड्रिल लावतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री दिव्यांच्या उजेडातच मांडव सोडतो.

सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ असेल तर अर्ज मंडळाच्या नावाने होतो, आणि ग्रामपंचायतीची किंवा नगरपरिषदेची मंडपाची परवानगी आणि पोलिसांची परवानगी जोडावी लागते. मंडळांना एक फायदा आहे: सार्वजनिक धार्मिक उत्सवाच्या तात्पुरत्या जोडणीला घरगुती दर लागतो. लग्न त्या सवलतीत बसत नाही. काही जण देवकार्य लिहून लग्न चालवतात, तसं करू नका, तपासणीत पत्रिका भिंतीवर लटकलेली असते.

अर्ज मंजूर झाला की कोटेशन येतं: जोडणीचा आकार आणि सुरक्षा ठेव. ते भरा आणि पावती जपून ठेवा, ठेव परत घेताना लागते. पैसे भरल्यावर मीटर बसवायला माणसं येतात. बसवल्याबरोबर मीटरचा नंबर आणि सुरुवातीचं रीडिंग एकाच फोटोत घ्या.

कातळावरचं अर्थिंग

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा. आपल्याकडे घराभोवती जांभा आहे. अर्थिंगचा रॉड घण घालून ठोकला तर वीतभर आत जातो आणि टण्ण वाजतो. मग पोरं तो आडवा पुरतात, नाहीतर पाण्याच्या पाइपाला वायर बांधतात. मे महिन्यात सुक्या कातळातून वीज जमिनीत जवळपास जातच नाही.

यात होतं काय ते समजून घ्या. समजा मांडवाच्या लोखंडी पाइपावर कुठेतरी वायर सोलवटली आणि फेज पाइपाला लागला. तुमच्या अर्थिंगचा रोध ४० ओहम आहे, आणि कातळावर ४० म्हणजे चांगलंच म्हणायचं. तर जमिनीत जाणारा करंट २३० भागिले ४०, म्हणजे जेमतेम पावणेसहा अँपिअर. तुमचा एमसीबी आहे २० अँपिअरचा. तो याला पंख्यांचा भार समजतो आणि पडत नाही. सगळा मांडव चालू राहतो, सगळं ठीक दिसतं, आणि त्या पाइपावर दोनशेच्या वर व्होल्ट उभे राहतात. हात धुवून ओल्या पायांनी येणारा वाढपी त्याला टेकतो.

म्हणून कातळावर एमसीबीच्या भरवशावर राहायचं नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावायचा, ज्याला आपण बोलताना ईएलसीबी म्हणतो. तो जाणारा आणि परतणारा करंट तोलून बघतो. ०.०३ अँपिअर जरी बाहेर गळले तरी सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. ४० ओहमचं अर्थिंग असेल तर ०.०३ गुणिले ४० म्हणजे पाइपावर सव्वा व्होल्ट होतात तेवढ्यातच तो पडतो. अर्थिंग २०० ओहमचं असेल तरी सहा व्होल्टला पडतो.

एकच आरसीसीबी सगळ्या मांडवाला लावू नका. तीन फेजना तीन वेगळे लावा, प्रत्येकाचा न्यूट्रल त्याच्याचमधून. म्हणजे आचाऱ्याचा मिक्सर ओला झाला तर त्याचा फेज जातो, नवरा-नवरीच्या डोक्यावरचा उजेड राहतो. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण रोज सकाळी दाबा. बटणाने फक्त आरसीसीबी चालतो की नाही ते कळतं, अर्थिंग कसं आहे ते कळत नाही. ते अर्थ टेस्टरनेच मोजावं लागतं.

आता रॉड कुठे ठोकायचा? माडाच्या आळ्यात. आळं म्हणजे माती भरलेली आणि उन्हाळाभर पाणी घातलेली जागा. कातळावरच्या घरात एवढी ओली, खोल माती दुसरीकडे नसते. मोरीचं पाणी जातं ती जागाही चालते. मी दोन रॉड दोन वेगळ्या आळ्यांत ठोकतो, मधे रॉडच्या लांबीपेक्षा जास्त अंतर ठेवून, आणि जोडून बोर्डापर्यंत आणतो. लग्नाचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ त्या आळ्यांत बादलीभर पाणी घालायचं काम घरातल्या मुलाला द्या. मांडवाच्या लोखंडी सांगाड्याला बोर्डाकडून अर्थची वायर घट्ट बांधा, रंग खरवडून, लोखंडाला लोखंड लागेल अशी. पोफळीच्या वाशांचा आणि झावळ्यांचा मांडव असेल तर सांगाड्याची ही चिंता नाही, पण सुकलेल्या झावळ्यांपासून गरम दिवे हातभर लांब ठेवा.

एका लग्नात आरसीसीबीचंच मला कोडं पडलं होतं. हळदीच्या संध्याकाळी सात वाजता दुसऱ्या फेजचा आरसीसीबी पडू लागला. वर करावा, पुन्हा पडावा. मी पोचेपर्यंत कोणीतरी तो बाजूला सारून वायर सरळ जोडली होती, आणि मांडवात लहान पोरं लोखंडी पाइपांना धरून फेर धरत होती. सगळा मांडव बंद करायला लावला, घरच्यांचा रोष घेतला, आणि एकेक वायर सोडत गेलो. अर्ध्या तासाने सापडलं. पडवीतल्या दिव्याला फेज मांडवाच्या बोर्डातून आणि न्यूट्रल घरच्या बोर्डातून घेतला होता, वायर हातभर कमी पडली म्हणून. करंट आरसीसीबीतून जात होता पण परत दुसऱ्याच वाटेने येत होता. त्याच्या दृष्टीने ती गळतीच. तो बरोबर होता, वायरिंग चुकलं होतं. मांडवाचा न्यूट्रल आणि घराचा न्यूट्रल कधीही एकत्र करू नका, आणि आरसीसीबी पडत असेल तर आधी हेच बघा. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे जमिनीवर पडलेला ओला जोड किंवा भिजलेली माळ.

गणपतीच्या मंडपाला माती ओली असते, म्हणून अर्थिंग लग्नापेक्षा बरं मिळतं, पण गळती दसपट. तिथे प्रत्येक जोड जमिनीपासून कंबरेच्या उंचीवर बांधा आणि वायर जोडाच्या आधी खाली झोल देऊन वर आणा, म्हणजे पाणी झोलातून टपकेल, जोडात शिरणार नाही. मंडप अकरा दिवस असेल तर आरसीसीबीचं बटण अकरा सकाळी दाबायचं.

जनरेटर

आठ किलोवॅटला १५ केव्हीएचा जनरेटर पुरेसा. भाड्याने घेताना पैशाची घासाघीस करा, पण चार पोलच्या चेंजओव्हर स्विचवर कधीही नाही. हा स्विच एका वेळी लाईन किंवा जनरेटर, यांतलं एकच जोडतो. तो नसेल आणि कोणी जनरेटरची वायर सरळ बोर्डात दिली, तर ती वीज उलटी खांबावर जाते, आणि डीपीतून उलटी होऊन ११,००० व्होल्टच्या लाईनवरही चढते. त्याच वेळी लाईन बंद आहे असं समजून एखादा लाईनमन पलीकडच्या खांबावर चढलेला असतो. जनरेटरच्या न्यूट्रलला त्याचा स्वतःचा अर्थ लागतो, तो नसेल तर जनरेटरवर असताना आरसीसीबी काहीच राखण करत नाही. जनरेटरवाल्याला हे विचारा आणि दाखवायला सांगा.

मांडव उतरल्यावर

मांडव सुटला, जेवणावळी संपल्या, की तात्पुरत्या मीटरचा सगळ्यांना विसर पडतो. मंजूर मुदत संपायच्या दिवशीच शाखा कार्यालयात जोडणी बंद करायचा अर्ज द्या. मीटर काढताना शेवटचं रीडिंग आणि मीटरचा नंबर पुन्हा एका फोटोत घ्या. सुरुवातीचा फोटो आणि हा, दोन्ही शेवटच्या बिलाशी ताडून बघा. ठेव परत मिळवण्यासाठी भरल्याची पावती आणि बँक पासबुकाची प्रत लागते. खातं ज्या नावाने अर्ज केला त्याच नावाचं असावं. मंडळांनी इथे लक्ष द्यावं, कारण अर्ज मंडळाचा आणि खातं खजिनदाराचं असेल तर ठेव अडकते.

माडाच्या आळ्यातले रॉड त्याच दिवशी उपसून काढा. ते जमिनीतून वीतभर वर आलेले असतात, आणि संध्याकाळी झाडांना पाणी घालणाऱ्याच्या पायाला लागतात.